टीव्हीवर टाइप करायचंय? मग फोनलाच कीबोर्ड करा



जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर आता कुठे अंगणवाडीत, कुठे शाळेत, कुठे ग्रामसंघाच्या खोलीत स्मार्ट टीव्ही दिसतो. बैठकीत कृषी सखीने नागलीच्या रोपांचा, मोगऱ्याच्या छाटणीचा किंवा शेळ्यांच्या लसीकरणाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवला, तर वीस जणी एकदम बघू शकतात. फोनच्या छोट्या पडद्यावर ते होत नाही.

पण टीव्ही चालू केल्यावर खरी अडचण येते ती टाइप करायची. रिमोटला अक्षरं नसतात, नुसते बाण असतात. म्हणजे पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बाणाने जायचं आणि मधलं ओके दाबायचं. किती वेळ जातो ते मोजूनच बघूया.

समजा पडद्यावरच्या कीबोर्डमध्ये पहिल्या ओळीत a ते g, दुसऱ्या ओळीत h ते n आणि तिसऱ्या ओळीत o ते u अशी अक्षरं आहेत, आणि आपण a वर उभ्या आहोत. आपल्याला nagli लिहायचंय. n पर्यंत जायला एकदा खाली आणि सहा वेळा उजवीकडे, म्हणजे 7 वेळा बाण दाबायचा. तिथून परत a वर यायला 7, g वर जायला 6, l वर 3 आणि i वर 3. हे झाले 26. वर पाच अक्षरांची पाच ओके. एका पाच अक्षरी शब्दाला 31 वेळा बटण दाबायचं, आणि मध्ये एक चुकलं तर मागे फिरायचं. त्यात मराठीत लिहायचं असेल तर टीव्हीच्या कीबोर्डमध्ये मराठी असेलच असं नाही.

हेच टायपिंग फोनवरून करता येतं. पण टीव्हीवर तीन वेगवेगळ्या कामांसाठी टाइप करावं लागतं आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. एक, हॉटस्पॉटचा पासवर्ड. दोन, व्हिडिओ शोधायचे शब्द. तीन, गुगल खात्याचा पासवर्ड. एकेक घेऊया.

पहिलं काम : हॉटस्पॉटचा पासवर्ड

आपल्याकडे बहुतेक पाड्यांवर वाय-फायची लाइन नाही. कुणातरी ताईच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि टीव्ही त्याला जोडायचा, अशीच रीत असते. हा एक पासवर्ड मात्र रिमोटनेच टाकावा लागतो. कारण सोपं आहे. फोन कीबोर्ड म्हणून चालायला टीव्ही आधी नेटला जोडलेला लागतो, आणि इथे तर तो जोडण्याचंच काम चाललंय. टीव्हीला यूएसबीची जागा असेल तर शाळेतल्या कॉम्प्युटरचा तारेचा कीबोर्ड लावून बघा, बऱ्याच टीव्हींवर तो चालतो. नसेल तर रिमोट आहेच.

म्हणून हा पासवर्डच रिमोटला सोपा पडेल असा ठेवायचा. फोनने आपोआप दिलेल्या पासवर्डात लहान अक्षर, मोठं अक्षर, आकडे सगळं मिसळलेलं असतं. प्रत्येक वेळी टीव्हीवरचा कीबोर्ड पालटावा लागतो आणि तिथेच चूक होते. फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बदला. कमीत कमी 8 अक्षरं किंवा आकडे लागतात. नुसते दहा आकडे ठेवले तर ते सगळे एकाच पानावर मिळतात. फक्त ते आकडे कुणाचा मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख नसावेत आणि 1234567890 तर नकोच. पासवर्ड टाकताना डोळ्याचं चित्र किंवा Show password दिसलं तर ते निवडा, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकडे दिसतील. खोलीत कोण बसलंय ते मात्र आधी बघा.

आता यातली सर्वांत कामाची गोष्ट. टीव्ही एकदा जोडलेला हॉटस्पॉट लक्षात ठेवतो, पण तो फोन ओळखत नाही. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड, एवढंच तो ओळखतो. म्हणून सचिव ताई बाजाराला गेल्या आणि अध्यक्षा ताईंच्या फोनवरून नेट दिलं, की सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. त्यावर उपाय असा : ग्रामसंघातल्या दोघी-तिघींनी आपापल्या फोनच्या हॉटस्पॉटला अगदी तेच नाव आणि अगदी तोच पासवर्ड ठेवायचा. नावात लहान-मोठं अक्षरसुद्धा सारखं हवं. Gramsangh आणि gramsangh ही टीव्हीसाठी दोन वेगळी नावं आहेत. Security असं लिहिलेलं असेल तिथेही तिघींच्या फोनवर एकच प्रकार निवडा. WPA2 जुन्या टीव्हीलाही चालतो. मग त्या दिवशी जी ताई हजर असेल तिने हॉटस्पॉट चालू केला की टीव्ही आपोआप जोडला जातो, रिमोटने काहीच लिहावं लागत नाही. एका वेळी मात्र एकीचाच हॉटस्पॉट चालू ठेवायचा, आणि बैठक संपली की बंद करायचा. नाहीतर घरी गेल्यावरही पाड्यातलं कुणी त्यावर नेट वापरत राहील आणि डेटा संपेल.

जोडलं गेलं नाही तर टीव्ही काय दाखवतोय ते नीट बघा, कारण त्यावरून दोष कळतो. हॉटस्पॉटचं नाव यादीत दिसतच नसेल तर पासवर्डशी भांडू नका. बऱ्याचदा फोन 5 GHz वर हॉटस्पॉट देत असतो आणि स्वस्तातला टीव्ही फक्त 2.4 GHz पकडतो. फोनच्या हॉटस्पॉटमध्ये Band नावाची सेटिंग असते, तिथे 2.4 GHz करा. नाव दिसतंय पण पासवर्ड चुकीचा म्हणतोय, तर टायपिंगची चूक. टीव्हीवर ते नाव निवडून Forget करा आणि पासवर्ड पहिल्यापासून टाका. जोडलं गेलं पण नेट नाही असं दाखवत असेल, तर पासवर्ड बरोबर आहे आणि फोनलाच रेंज नाही. फोन खिडकीत किंवा दारात, जिथे रेंज येते तिथे ठेवा. टीव्हीपासून आठ-दहा पावलांवर असला तरी चालतो.

दुसरं काम : व्हिडिओ शोधणं

टीव्ही नेटला जोडला गेला की यापुढे रिमोटने टाइप करायची गरजच नाही. यूट्यूबमध्ये एक सोय आहे, तिचं नाव Link with TV code. तिचा मोठा फायदा म्हणजे फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असायला लागत नाहीत. टीव्ही सचिव ताईंच्या हॉटस्पॉटवर आणि कृषी सखीचा फोन स्वतःच्या डेटावर असला तरी चालतं. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे तोच फोन वापरला तरीही चालतं.

आधी टीव्हीवर यूट्यूब उघडा. डाव्या बाजूला खाली Settings असतं, त्यात Link with TV code निवडा. पडद्यावर एक कोड येईल. त्यात फक्त आकडे असतात, अक्षरं नसतात. आता फोनवर यूट्यूब उघडा. आपल्या खात्याचं गोल चित्र दाबून Settings मध्ये जा आणि Watch on TV शोधा. ते समोर दिसलं नाही तर General मध्ये बघा. तिथे Enter TV code असं येईल. टीव्हीवरचा कोड त्यात टाका आणि Link दाबा. झालं काम.

आता एक बैठक डोळ्यासमोर आणूया. कृषी सखीला नागलीच्या लावणीचा व्हिडिओ दाखवायचाय. तिचा फोन टीव्हीशी जोडला गेलाय. ती फोनवरच्या यूट्यूबमध्ये भिंगाचं चित्र दाबते आणि फोनच्या मराठी कीबोर्डवर लिहिते : नागली लावणी. मराठी कीबोर्ड नसेल तर फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Languages आहे, त्यात Marathi घालता येतं. लिहिणं जड जात असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबून बोलायचं. ती एक व्हिडिओ दाबते आणि तो टीव्हीवर सुरू होतो. थांबवणं, मागे नेणं, आवाज कमी-जास्त करणं, सगळं फोनवरून. शोधताना फोनच्या पडद्यावर तीच बघते, तोवर टीव्हीवर आधीचा व्हिडिओ चालू राहतो. बायका कंटाळून उठून जात नाहीत.

शब्दांबद्दल एक लक्षात ठेवा. यूट्यूब शोधतो ते व्हिडिओ टाकणाऱ्याने दिलेल्या नावावरून. आपण नागली म्हणतो, पण घाटावरचा माणूस त्याच पिकाला नाचणी म्हणतो आणि हिंदी व्हिडिओत तेच रागी असतं. म्हणून नागलीने दोनच व्हिडिओ आले तर नाचणी टाकून बघा. वारली किंवा कातकरी बोलीतला शब्द माइकला कळेलच असं नाही. तो चुकीचं काही लिहीत असेल तर तेवढा शब्द हाताने लिहा. आणि नुसतं पिकाचं नाव न देता काम पण लिहा : नाचणी रोपवाटिका, मोगरा छाटणी, शेळी लसीकरण. नुसतं मोगरा लिहिलं तर गाणी आणि गजरेच समोर येतील.

काम झालं की फोन सोडवायला विसरू नका. नाहीतर घरी गेल्यावर पोराने फोनवर कार्टून लावलं आणि ते ग्रामसंघाच्या टीव्हीवर सुरू झालं, असं होऊ शकतं. फोनवर टीव्हीसारखं चौकोनी चित्र असतं, ते दाबून Disconnect करा. टीव्हीवरून काढायचं असेल तर यूट्यूबच्या Settings मध्ये Linked devices आहे, तिथे जोडलेले फोन दिसतात आणि काढताही येतात.

यूट्यूब सोडून टीव्हीवर दुसरीकडे काही लिहायचं असेल, उदाहरणार्थ एखादं ॲप शोधायचं असेल, तर पूर्ण टीव्हीसाठीच फोनचा रिमोट करता येतो. टीव्ही अँड्रॉइड किंवा गुगल टीव्ही प्रकारचा असेल तर फोनवर Google Home हे ॲप लागतं, सॅमसंगला SmartThings, एलजीला LG ThinQ. Google Home मध्ये टीव्ही निवडला की टीव्हीवर एक कोड येतो, तो फोनवर टाकला की जोडी जमते. मग टीव्हीवर लिहायची चौकट उघडली की फोनवरच्या रिमोटमध्ये कीबोर्डचं चित्र येतं.

इथे मात्र फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर लागतात, आणि आपल्याकडे अडतं ते इथेच. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्या फोनला बऱ्याचदा टीव्ही सापडतच नाही, कारण तो फोन स्वतः वाय-फायला जोडलेला नसतो, तो वाय-फाय देत असतो. अशा वेळी दोन फोन घ्या. एकीचा फोन हॉटस्पॉट देईल. दुसरीचा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडायचा आणि Google Home त्या दुसऱ्या फोनवर उघडायचं. प्ले स्टोअरवर टीव्ही रिमोट नावाची ढीगभर ॲप दिसतात. त्यातली बरीचशी जाहिराती दाखवतात आणि पैसे मागतात. टीव्हीच्या कंपनीचं किंवा गुगलचंच ॲप घ्या.

तिसरं काम : खात्याचा पासवर्ड

आता जोखमीचं. टीव्ही सुरुवातीलाच गुगल खातं मागतो. मग कुणीतरी ताई आपल्या खात्याचा पासवर्ड सगळ्यांसमोर रिमोटने टाकते. पडद्यावर ठिपके दिसत असले तरी प्रत्येक अक्षरावर चौकट थांबते, ती समोर बसलेल्या सगळ्यांना दिसते. लहान पोरंसुद्धा तो पासवर्ड सहज वाचतात. आणि हे तेच खातं असतं ज्यात फोनमधले नंबर, फोटो आणि मेल असतात.

पहिली गोष्ट, यूट्यूब बघायला खातं लागतच नाही. टीव्हीवर यूट्यूब उघडल्यावर Guest निवडा किंवा खातं न घालता पुढे जा. शोधता येतं, व्हिडिओ चालतात, वर सांगितलेला कोडही जोडता येतो.

दुसरी गोष्ट, खातं घालायचंच असेल, जसं टीव्हीवर नवीन ॲप घ्यायला लागतं, तर एकीचं घरचं खातं वापरू नका. ग्रामसंघाच्या नावाने वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड पदाधिकाऱ्यांकडेच ठेवा. खातं टीव्हीवर राहिलं की त्या खात्यावर काय काय बघितलं ते टीव्ही लावणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

तिसरी गोष्ट, खातं घालतानाही पासवर्ड टीव्हीवर टाइप करू नका. टीव्ही बऱ्याचदा एक चौकोनी क्यूआर कोड किंवा एक छोटा कोड दाखवतो. क्यूआर असेल तर ज्या फोनमध्ये ग्रामसंघाचं खातं आहे त्याच्या कॅमेऱ्याने तो बघा आणि पुढचं सगळं फोनवर करा. यूट्यूबचा छोटा कोड असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत हे अक्षर-अक्षर टाका :

```
youtube.com/activate
```

तिथे टीव्हीवरचा कोड टाकला की टीव्ही आपोआप पुढे जातो. पासवर्ड पडद्यावर येतच नाही.

हा पत्ता वरच्या पट्टीतच टाका, गुगलवर शोधू नका. शोधलं की कधी कधी अशाच नावाची खोटी पानं येतात. तिथे लिहिलेलं असतं की तुमचा टीव्ही चालू करायला या नंबरवर फोन करा. फोन केला की समोरचा माणूस पैसे भरायला सांगतो किंवा फोनमध्ये एखादं ॲप घ्यायला लावतो. टीव्हीला कोड जोडायला यूट्यूब एक पैसाही घेत नाही आणि त्यासाठी कुणाचा फोनही येत नाही. एक खूण पक्की धरा : कोड टीव्हीवर येतो आणि आपण तो आपल्या फोनवर टाकतो. तो कोड कुणी फोनवर विचारत असेल, किंवा फोनवर आलेला ओटीपी मागत असेल, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा. सायबर फसवणुकीसाठी हा सरकारी नंबर आहे. जेवढ्या लवकर फोन कराल तेवढी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. काही जणी टाइप करायला नको म्हणून फोनचा पूर्ण पडदाच टीव्हीवर टाकतात. त्याला Screen cast किंवा Mirror म्हणतात. त्यात फोनवर जे जे येईल ते सगळं टीव्हीवर दिसतं. बँकेचा मेसेज आला, ओटीपी आला, घरच्या भांडणाचा व्हॉट्सॲप आला, तर तो वीस जणींसमोर मोठ्या अक्षरात येतो. कोडने जोडलेल्या यूट्यूबमध्ये फक्त व्हिडिओ टीव्हीवर जातो, मेसेज फोनवरच राहतात. म्हणून बैठकीत कोडचीच पद्धत वापरा.

पुढच्या बैठकीआधी

बैठकीच्या दिवशी सगळ्या बसलेल्या असताना हे जमवायला जाऊ नका. आदल्या दिवशी दोघी-तिघी टीव्हीजवळ बसा, लाइट असेल ती वेळ बघा. आधी तिघींच्या फोनवर हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड सारखा करा. एकदाच रिमोटने टीव्हीला जोडा. मग पहिला हॉटस्पॉट बंद करून दुसरीचा चालू करा आणि टीव्ही आपोआप जोडला जातो का ते बघा. नाही जोडला तर दोन्ही फोनवरचं नाव अक्षर-अक्षर लावून बघा, एखादी मोकळी जागा किंवा मोठं अक्षर जास्त पडलेलं असतं. त्यानंतर कृषी सखीच्या फोनने यूट्यूबचा कोड जोडून नागलीचा एक व्हिडिओ लावा. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Quality 480p ठेवा, म्हणजे डेटा कमी जातो आणि कमी रेंजमध्ये अडकतही नाही.

हॉटस्पॉटचा पासवर्ड टीव्हीवर चिकटवून ठेवू नका. अध्यक्षा आणि सचिव यांच्या डायरीत असू द्या. पदाधिकारी बदलले की तिघींनी मिळून तो बदलायचा, टीव्हीवरही नवा एकदाच टाकायचा, आणि ग्रामसंघाच्या खात्याचा पासवर्डही त्याच दिवशी बदलून घ्यायचा.